झोपाळ्याच्या गादीला पायपिंग: कोपऱ्यावर गाठ येते, काय करावं?

रेवा_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. आमच्या गॅलरीत सागवानी झोपाळा आहे. त्याच्या गादीचं कव्हर विटलं म्हणून घरीच नवीन शिवायला घेतलं. गादी ४८ बाय २० इंच, फोम ३ इंच जाड. कव्हर पेटीसारखं आहे, म्हणजे वर एक तुकडा, खाली एक आणि मधे चहूबाजूंनी उभी पट्टी. वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना दोरीची पायपिंग हवी आहे. मेन रोडवरून राखाडी जाड सुती कापड आणलं, पायपिंगसाठी मोरपंखी रंगाचं पातळ सुती घेतलं, आणि ४ मिलिमीटरची सुती दोरी.

सरळ बाजू मस्त बसल्या. कोपरे मी वाटी ठेवून गोल कापलेत आणि तिथे पायपिंगला कटही मारलेत. तरी सुलट केल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर आत वाटाणा ठेवल्यासारखी कडक गाठ लागते आणि तिथली पायपिंग चपटी दिसते. शिवाय जिथे सुरुवात आणि शेवट भेटतात तिथे चांगलं टेंगूळ आलंय. मशीन पायाची, फूट हाफ फूट. खालची बाजू अजून शिवायची आहे, त्याआधी कुणी सांगेल का नेमकं कुठे बिघडतंय?

बागाईतदार_पिंपळगाव

ताई, कोपऱ्यावर सरळ एल्बो टाका आणि सोल्युशन लावून दोन मिनिटं दाबून धरा. कट मारून पाईप वाकवला की गळतीच होणार. आमच्या द्राक्षबागेत सगळं असंच केलंय.

रेवा_गंगापूररोड

दादा, ही कापडाची पायपिंग आहे 😄 गादीच्या कडेला गोल दोरी दिसते ना, ती.

बागाईतदार_पिंपळगाव

हात्तिच्या! शीर्षकात गादी लिहिलंय ते वाचलंच नाही राव. बरं, असू द्या. मला ट्रॅक्टरच्या सीटचं विचारायचंच आहे, पण आधी ताईंचं होऊ द्या.

अस्मि_क्राफ्ट्स

रेवा, मी कुशन कव्हर विकते, रोजचं काम आहे. कोपऱ्यावर इतके कट मारायची गरजच नसते. टिपेपर्यंत खोल असा एकच कट मारायचा, सुई खाली ठेवून फूट उचलायचं, कापड वळवायचं आणि पुढे जायचं. आणि पायपिंगची पट्टी उरेब कापायची पण गरज नाही, उगाच कापड वाया जातं. मी सरळ आडव्या पट्ट्या कापते, कुणाला काही कळत नाही. दोरीच्या टोकांना मेणबत्ती दाखवायची, म्हणजे उसवत नाहीत आणि टेंगूळ येत नाही.

वसंतकाका_सिडको

रेवाताई, सोफा आणि गाद्यांच्या कव्हरांतच हात काळे केलेत, आता दुकान मुलगा बघतो. तुमचं वर्णन नीट वाचलं. सरळ बाजू चांगल्या बसल्या म्हणजे तुमची दोरी, पट्टीची रुंदी आणि फूट यात खोट नाही. गाठ आहे ती हिशोबाची. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कोपरा वाटीने गोल केला. समजा कापलेल्या कडेची गोलाई २ इंच त्रिज्येची आहे. माया अर्धा इंच, म्हणजे टीप जिथे पडते तिथली त्रिज्या दीड इंच. आता टेप लावून दोन्ही गोलाया मोजा. कडेवर कोपऱ्याची लांबी भरते सव्वातीन इंचाला जरा कमी, आणि टिपेवर भरते साधारण २ इंच ३ सूत. फरक पाऊण इंचाचा. सगळी भानगड या पाऊण इंचाची आहे.

पायपिंग लावताना तिची दोरी आतल्या बाजूला असते आणि माया बाहेरच्या कडेला. म्हणजे पायपिंगच्या मायेला कोपऱ्यावर पाऊण इंच कापड कमी पडतं. उरेब पट्टी ताणली जाते हे खरं, पण एवढ्याशा जागेत पाऊण इंच ती देऊ शकत नाही. म्हणून कट मारायचे, ते पंख्यासारखे उघडतात आणि कमी पडलेली लांबी भरून निघते. हे तुम्ही केलंय.

आता कव्हर सुलट करा. सगळी माया आत वळून उभ्या पट्टीच्या बाजूला पडते. पायपिंगचे कट परत मिटतात, त्यांचा त्रास नाही. पण वरच्या तुकड्याची जी माया आहे, ती बाहेरच्या मोठ्या गोलाईवर कापलेली होती, तिला आता आतल्या लहान गोलाईत मावायचंय. आधी जे पाऊण इंच कमी पडत होतं तेच आता वरच्या तुकड्याला जास्त होतं. जायला जागा नाही, मग ते चुण्या पडून एका जागी गोळा होतं. तुमचा वाटाणा तो. तिथे साधे कट मारून भागत नाही, त्रिकोणी खाचा कापून जादा कापड काढूनच टाकायचं.

उसवायची गरज नाही. कव्हर उलटं करा, फक्त वरच्या तुकड्याच्या मायेत एकेका कोपऱ्यावर पाच-सहा बारीक त्रिकोण कापा. टिपेपासून एक सूत माया शिल्लक ठेवा, त्याहून जवळ जाऊ नका. आणि ही खाच पायपिंगच्या कटाच्या बरोबर समोर येऊ देऊ नका, दोन कटांच्या मधे घ्या. दोन्ही एका जागी आले तर जोर पडल्यावर तिथूनच फाटतं.

रेवा_गंगापूररोड

काका, आत्ता उलटं करून बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, राखाडी कापडाच्या चुण्या एकावर एक बसल्यात. पण पायपिंग चपटी का दिसते? ती तर वरून दिसणारी गोष्ट आहे.

वसंतकाका_सिडको

ते वेगळं दुखणं. कोपऱ्यावर आलं की माणसाचा हात आपोआप पायपिंग ओढतो, कारण वळण लवकर पार करायचं असतं. ओढली की दोरी टिपेकडे दाबली जाते, पट्टीचं कापड ताणून चपटं होतं. सगळी गादी शिवून झाल्यावर कोपरा वर उचलला गेला, वाटीसारखा झाला, तर ओढल्याची खूणगाठ समजा. बाहेरच्या गोलाईला पायपिंग उलट किंचित ढिली द्यावी लागते. फुटाच्या पुढे डाव्या हाताच्या बोटाने पायपिंग सुईकडे जरा लोटत राहायचं, बस्स.

आणि पायाने मशीन चालवू नका कोपऱ्यावर. चाक हाताने फिरवा. तीन-चार टाके, सुई खाली, फूट वर, कापड थोडं वळवा, फूट खाली. असं पूर्ण वळण जायचं.

बोटाने चाचपून कळतं बघा. अंगठा आणि तर्जनीत कोपरा धरा. कडक बारीक गाठ आत लागली तर माया गोळा झालीय. गाठ नाही पण पायपिंग बारीक आणि ताठ लागते, तर ओढली गेलीय. आणि पायपिंगच दुप्पट जाड लागली, तर पट्टीचा जोड नेमका कोपऱ्यावर आलाय.

अस्मिताई, तुमचा एक कट टोकदार कोपऱ्याला बरोबर आहे. चौकोनी कोपऱ्यावर गोलाईच नसते, वळायची जागा एकच, म्हणून कटही एकच. पण टिपेपर्यंत नको, धागाभर अलीकडे थांबा. तोच कट गोल कोपऱ्यावर मारला तर सगळा पाऊण इंच एका ठिकाणी उघडतो आणि गोलाईऐवजी तिथे टोक येतं. सरळ पट्टीचंही तसंच, सरळ बाजूला कुणाला कळणार नाही, चौकोनी उशीत चालून जाईल. गोल वळणावर मात्र आडव्या धाग्याची पट्टी दोरीवर सुरकुत्या पाडते. मेणबत्तीबद्दल नंतर बोलू.

अस्मि_क्राफ्ट्स

काका, माझ्या चौकोनी उशांच्या कोपऱ्यांची कधी तक्रार आलेली नाही. बाकी ठीक आहे, गोल कोपरा मी फारसा करतच नाही. आणि चौकोनी उशी भरल्यावर कोपरे कानासारखे बाहेर येतात, त्यावर उपाय म्हणून मी कोपऱ्याजवळ टीप किंचित आत घेत जाते.

वसंतकाका_सिडको

बरोबर करता. तरी दोरीवाली पायपिंग अगदी काटकोनात वळतच नाही हे धरून चाला. दोरीला जाडी आहे, ती थोडी तरी गोल होणारच. मी ग्राहकाला आधीच सांगायचो की कोपरा टोकदार हवा असेल तर बिनदोरीची चपटी पायपिंग घ्या. झोपाळ्याच्या गादीला गोलच बरा, येता-जाता पायाला लागत नाही आणि झिजतही कमी.

पैठणी_आणि_मी

मी ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग करते. येवल्याच्या पैठणीवर ब्लाउज शिवलाय, मागचा गळा खोल गोल. पायपिंग घातली तर ती पाठीला चिकटून बसत नाही, उभी राहते. वर वाचून ढिली दिली तर आणखीच उभी राहिली. मग कापडाचा दोष का?

वसंतकाका_सिडको

ताई, तुमचा गळा म्हणजे आतली गोलाई. गादीचा कोपरा बाहेरची. सगळं उलटं धरा.

गळ्याला पायपिंगची माया गळ्याच्या कडेला येते आणि तिथली गोलाई लहान असते. दोरी पाठीच्या कापडावर, मोठ्या गोलाईवर. म्हणजे मायेला जागा कमी आणि दोरीला लांबी जास्त लागते. म्हणून गळ्याला पायपिंग हलकी ताणून लावायची, शिवाय पट्टी उरेबच पाहिजे. ताणलेली उरेब पट्टी नंतर थोडी आखडते आणि गळा पाठीला धरून बसतो. ढिली दिलीत म्हणून उभी राहिली.

पण ताण हलकाच. जास्त ओढलं तर गळ्याच्या खाली पाठीच्या कापडाला चुण्या येतात. सुलट केल्यावर गळ्याची माया ताणली जाते, तिला साधे कट मारा, त्रिकोण नको. माया दोन सूतच ठेवा ब्लाउजला.

नीता_देवळाली

मधे बोलते. पैठणीच्या ब्लाउजपीसमधूनच पायपिंगची पट्टी कापली असेल तर काठाच्या जरीचा भाग घेऊ नका. उरेब कापली की जर सुटते आणि पट्टी सगळीकडे सारखी ताणली जात नाही. साधं रेशमी किंवा सॅटीन घ्या. दोरी पण अगदी बारीक.

पैठणी_आणि_मी

काठातूनच कापली होती 🙈 आणि हुकाजवळ दोन्ही टोकांना जाडी येते त्याचं काय?

नीता_देवळाली

टोक हुकपट्टीत जाण्याआधी पट्टीचं तोंड थोडं उसवायचं, दोरी बाहेर ओढायची आणि अर्धा इंच कापून टाकायची. मग पट्टी सोडली की दोरी आत सरकते. शिलाईत फक्त रिकामी पट्टी जाते, दोरी जात नाही. खांदा किंवा काखेच्या टिपेत पायपिंग जाते तिथेही हेच.

रेवा_गंगापूररोड

हे माझ्या टेंगळालाही लागू आहे का? मी शेवटी दोन्ही टोकं एकावर एक ठेवून वरून टीप मारली होती.

वसंतकाका_सिडको

तुमच्याकडे टोक शिलाईत जात नाही, गोल फिरून स्वतःलाच भेटतं. म्हणून जोड वेगळा. दोऱ्या एकावर एक आल्या की जाडी दुप्पट, त्यावर पट्ट्यांचे चार पदर, टेंगूळ येणारच. असं करा.

सुरुवात मागच्या लांब बाजूच्या मधोमध करा, झोपाळ्याची पाठ असते तिकडे. सुरुवातीला पायपिंगचं ३ इंच टोक मोकळं सोडा आणि मग टीप सुरू करा. पूर्ण फेरी मारून आलात की सुरुवातीच्या टिपेच्या ४ इंच अलीकडे थांबा, सुई काढा, दोरा तोडा. आता दोन्ही टोकांची पट्टीची टीप उसवा आणि पट्ट्या उघड्या करा, दोऱ्या बाजूला धरा. उघड्या पट्ट्या गादीच्या कडेवर सपाट ठेवून दोन्ही एकमेकींवर येतील तिथे खडूने तिरकी खूण करा. त्या खुणेवर पट्ट्यांना सुलट-सुलट धरून तिरकी टीप मारा, माया दोन सूत ठेवून बाकी कापा, नखाने किंवा इस्त्रीने उघडी करा. तिरका जोड असला की चार पदर एका जागी येत नाहीत, पसरतात.

आता दोऱ्या जोडलेल्या पट्टीत ठेवा आणि दोन्ही एकदम एका जागी कापा, म्हणजे टोकाला टोक नेमकं लागेल. एकावर एक नको आणि मधे फटही नको. फट राहिली तर पायपिंगवर खळगा दिसतो आणि तो टेंगळाइतकाच डोळ्यात भरतो. दोन टोकांवर शिवणाचा दोरा चार वेढे गुंडाळून गाठ मारा. मग पट्टी मिटवा आणि उरलेली टीप पूर्ण करा.

मेणबत्ती का नको ते आता सांगतो. तुमची दोरी सुती आहे, ती वितळत नाही, जळते. पॉलिस्टरची असेल तर वितळून कडक मणी होतो. तो मणी पातळ कापडातून टोचतो आणि उन्हात झोपाळ्यावर बसणाऱ्याला आधी तोच लागतो.

अस्मि_क्राफ्ट्स

मणी होतो कारण लोक जास्त वेळ धरतात. मी नुसतं ज्योतीजवळून नेते. असो. ज्याची त्याची पद्धत.

वसंतकाका_सिडको

तुमचा हात बसलेला आहे म्हणून जमतं. नवख्याला दोरा गुंडाळणं बरं.

रेवा_गंगापूररोड

खालची बाजू आज घेणार आहे. पट्टी पुन्हा कापावी लागेल, अर्धा मीटर मोरपंखी कापड आहे, ४४ इंच पन्ह्याचं. पुरेल का? आणि पट्ट्यांचे जोड कोपऱ्यावर येऊ नयेत म्हणून काय करता?

वसंतकाका_सिडको

तुमची एक फेरी १३४ इंचाच्या आसपास. कोपरे गोल आहेत म्हणून १३६ ला जरा कमी. जोडाला आणि मोकळ्या टोकांना धरून १४५ इंच पकडा. पट्टी दीड इंच रुंद, कारण ४ मिलिमीटर दोरीचा घेर जवळपास अर्धा इंच आणि दोन्हीकडची माया अर्धा-अर्धा इंच. अर्ध्या मीटरमधून ४५ अंशात कापलेली एक पट्टी साधारण २७ ते २८ इंच भरते आणि अशा अकरा पूर्ण पट्ट्या निघतात. जोडात जातं ते जाऊन सगळ्या मिळून २८५ च्या पुढे होतील. दोन्ही फेऱ्या झाल्या असत्या, तुम्हाला तर एकच करायची आहे. भरपूर आहे.

जोड साधारण २६ इंचावर येतील. शिवण्याआधी पूर्ण पट्टी गादीच्या तुकड्यावर नुसती ठेवून फिरवा. एखादा जोड कोपऱ्याच्या गोलाईत आला तर सुरुवातीची जागा दोन-चार इंच पुढेमागे सरकवा. तरीही येत असेल तर त्याआधीची एक पट्टी ३ इंचाने छोटी करून पुन्हा जोडा. कापड वाया जातं पण तिथला जोड नंतर दुरुस्त होत नाही. कोपऱ्यापासून जोड निदान दोन इंच लांब असावा.

अजून एक. टिपा तीन पडतात, त्या एका जागी पडू देऊ नका. दोरी पट्टीत गुंडाळून पहिली टीप मारताना दोरीपासून अर्धं सूत लांब राहा. तुकड्याला लावताना त्या टिपेच्या किंचित आत, दोरीकडे. उभी पट्टी लावताना आणखी आत, दोरीला अगदी घासून. असं केलं तर सुलट बाजूला आधीच्या टिपेचा दोरा दिसत नाही. शेवटची टीप मारताना वरचा तुकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि उभी पट्टी खाली, म्हणजे दुसरी टीप दिसते आणि तिच्या आत राहता येतं.

नीता_देवळाली

काका, उभ्या पट्टीलाही कट लागतात ना?

वसंतकाका_सिडको

हो, राहिलंच ते. उभी पट्टी सरळ कापलेली असते. तिची कड पण बाहेरच्या गोलाईवरून जायची असते, म्हणजे तिलाही पाऊण इंच कमी पडतो. कोपऱ्यावर येईल तेवढ्या भागात तीन-तीन सुतांवर साधे कट मारून घ्या, मशीनवर चढवायच्या आधी. न मारल्यास उभी पट्टी वरच्या तुकड्याला ओढते आणि कोपऱ्याखाली तिरक्या घड्या पडतात.

रेवा_गंगापूररोड

खालची बाजू झाली. कोपरे नितळ आलेत. वरच्या बाजूच्या मायेतही त्रिकोण कापले, वाटाणे गेले. जोड शोधावा लागतो इतका सपाट बसलाय. पण आता नवीनच प्रकार. गादी कव्हरमध्ये घातली तर उभी पट्टी तिरकी पिळल्यासारखी दिसते, वरचा कोपरा आणि खालचा कोपरा एका रेषेत नाहीत. बोटभर फरक आहे.

वसंतकाका_सिडको

खालची फेरी शिवताना उभी पट्टी थोडी थोडी सरकली. प्रत्येक कोपऱ्याला थोडंसं सरकलं तरी शेवटी बोटभर होतं. खालचीच टीप उसवा, वरची तशीच असू द्या. वरच्या प्रत्येक कोपऱ्याच्या मध्यावरून उभ्या पट्टीवर काटकोनात सरळ खाली खडूची रेघ काढा आणि तिथे खालच्या मायेत बारीक कट द्या. खालच्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या मध्यावरही खूण करा. आधी ही चार ठिकाणं टाचण्यांनी जुळवा, मग बाजूंचे मध्य, आणि तेव्हाच शिवा. दोन खुणांच्या मधे सूतभर कमी-जास्त असलं तर सरळ बाजूत जिरतं, कोपऱ्यात ढकलू नका. वेळ असेल तर कच्चा दोरा घाला, टाचणी दोरीवर उभी राहत नाही.

आणि फोमचे कोपरे बघा. कव्हर गोल आणि फोम चौकोनी असेल तर फोमचं टोक आतून टेकतं आणि तिथे कडक लागतं. ती शिवणाची गाठ नव्हे. ब्रेडच्या सुरीने फोमचा कोपरा गोल कापा.

बागाईतदार_पिंपळगाव

आता माझं घ्या काका. ट्रॅक्टरच्या सीटला रेक्झिनचं कव्हर करायचंय, पाठीमागून गोल आहे. जुन्यात पायपिंगच्या आत प्लॅस्टिकची गोल नळी निघाली. गावातल्या शिलाईवाल्यानं कोपऱ्यावर केलं तर ती नळी मोडल्यासारखी घडी पडली.

वसंतकाका_सिडको

रेक्झिनला उरेबचा फारसा फायदा नाही, आणि सुईचं भोक कायमचं राहतं, म्हणून उसवून परत शिवता येत नाही. टाचण्या पण मायेतच लावा, दिसणाऱ्या भागात नको. पोकळ नळी घट्ट वळणावर मोडतेच. भरीव प्लॅस्टिकची दोरी घेतली तरी वळण मोठंच पाहिजे. शक्य असेल तर शिवण्याआधी रेक्झिन आणि दोरी उन्हात तासभर ठेवा, मऊ पडतात. कट मात्र जास्त आणि जवळ जवळ मारा, रेक्झिनची माया ताणून वळत नाही.

बागाईतदार_पिंपळगाव

ऊन भरपूर आहे आमच्याकडं. सुती दोरी घातली तर?

वसंतकाका_सिडको

वळेल छान. पण ट्रॅक्टर पावसात उभा राहणार, टाक्यांच्या भोकातून पाणी आत जाणार आणि सुती दोरी ओली राहून कुजणार. छपराखाली ठेवत असाल तर चालेल.

नीता_देवळाली

सुती दोरीचा विषय निघालाच आहे तर, रेवाताई, दोरी आधी गरम पाण्यात भिजवून वाळवली होती का? नाहीतर पहिल्या धुण्यात दोरी आत आखडते आणि सगळी पायपिंग चुणीदार होते.

रेवा_गंगापूररोड

नाही भिजवली. आता?

अस्मि_क्राफ्ट्स

मी कधीच भिजवत नाही. भिजवली की दोरी लिबलिबीत होते, पिळ सुटतो आणि पायपिंग गोल दिसत नाही. मी सरळ पॉलिस्टरची दोरी वापरते, आखडायचा प्रश्नच नाही.

नीता_देवळाली

पॉलिस्टर घसरते पण. कोपऱ्यावर पट्टीच्या आत फिरते.

वसंतकाका_सिडको

मी भिजवायचो, पण लडी सैल बांधून, न पिळता आणि दोरीवर वाळत घालून, त्यामुळे पिळ फारसा सुटत नाही. पॉलिस्टर घेणारे दुकानदारही पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम वाईट नसतं. रेवाताई, तुमची शिवून झालीच आहे, तर कव्हर गार पाण्यात हाताने धुवा, मशीनमध्ये गरम पाण्यात नको. दोरी किती आखडते ते दोरीच्या उरलेल्या तुकड्यावर आधी बघा. एक हात तुकडा मोजून भिजवा, वाळल्यावर परत मोजा.

रेवा_गंगापूररोड

तुकडा भिजत घातलाय. खालची टीप उसवायला बसते आता, खुणा करून घेतल्यात.